विश्लेषण : अपडेटनंतर ॲप बिघडले, जुन्या आवृत्तीकडे परत जावे का?

रात्री फोन चार्जिंगला लावला आणि सकाळी पाहिले तर रोजच्या वापरातले ॲप उघडताच बंद पडते, हवे ते बटण सापडत नाही किंवा जुन्या नोंदी दिसतच नाहीत. रात्रीतून ॲप आपोआप अपडेट झालेले असते. अशा वेळी बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो : जुनी आवृत्ती परत टाकावी. इंटरनेटवर शोधले की तसे करण्याचे मार्गही लगेच सापडतात. मात्र अँड्रॉइड फोनवर ‘मागे जाणे’ म्हणजे नेमके काय होते, हे माहीत नसताना ते केले, तर बिघडलेल्या ॲपपेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. हा निर्णय कसा घ्यायचा, मागे जाणे कधी योग्य आणि कधी घातक, याचा हा आढावा.

सांगलीतील वहीखाते : प्रकरण काय होते?

माझी मावशी सांगलीत घरगुती मसाले आणि पापडांचा व्यवसाय करते. गेली तीन वर्षे ग्राहकांची उधारी ती फोनमधल्या एका साध्या ॲपवर लिहिते. सुमारे १४० ग्राहक, प्रत्येकाच्या नावापुढे कधी किती माल नेला आणि किती पैसे दिले याच्या नोंदी. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. ॲप उघडत होते, ग्राहकांची यादीही दिसत होती, पण कोणत्याही नावावर बोट ठेवले की ॲप बंद पडत होते. ‘‘तू इंजिनीअर ना, मला जुनंच ॲप आणून दे. कालपर्यंत व्यवस्थित चाललं होतं,’’ असा तिचा हट्ट होता.

मागणी साधी वाटते. पण मी तिला पहिली गोष्ट सांगितली ती अशी : ‘‘काही काढू नकोस, काही पुसू नकोस. आहे तसं राहू दे.’’ कारण ते ॲप लॉगिन मागत नव्हते. म्हणजेच तीन वर्षांची उधारी कोणत्याही सर्व्हरवर नसून फक्त तिच्या फोनमध्ये असण्याची दाट शक्यता होती. अशा ॲपच्या बाबतीत ‘जुने आणून दे’ याचा व्यवहारातला अर्थ ‘वही जाळून नवी आण’ असा होऊ शकतो.

मागे जाताना डेटा का जातो?

अँड्रॉइडमधील प्रत्येक ॲपच्या आवृत्तीला एक क्रमांक असतो. आपल्याला दिसणारा ‘5.2.1’ असा क्रमांक वेगळा आणि फोन आतल्या आत पाहतो तो पूर्णांक वेगळा. प्रत्येक अपडेटमध्ये हा पूर्णांक वाढत जातो. नव्या आवृत्तीवर जुनी टाकायचा प्रयत्न केला तर फोन दोन्ही आकडे ताडून पाहतो आणि नकार देतो. पडद्यावर ‘App not installed’ एवढेच दिसते. संगणकाला फोन जोडून तेच केले तर कारणही कळते :

```
INSTALL_FAILED_VERSION_DOWNGRADE
```

हा नकार मुद्दाम ठेवलेला आहे. कोणी तुमच्या नकळत एखादी जुनी, कच्चे दुवे असलेली आवृत्ती तुमच्या फोनमध्ये घुसवू नये, हा त्यामागचा हेतू आहे. त्यामुळे सामान्य वापरकर्त्यापुढे एकच मार्ग उरतो. आधी नवी आवृत्ती पूर्ण काढून टाकायची, म्हणजे अनइन्स्टॉल करायची, आणि मग जुनी टाकायची. अनइन्स्टॉल करताच त्या ॲपची फोनमधील खासगी जागाही पुसली जाते. ज्या नोंदी फक्त तिथे होत्या, त्या गेल्या.

मग नोंदी वाचवून जुनी आवृत्ती टाकता आली असती तर? तरीही एक अडचण राहते. ॲपच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये असतात, त्याला वहीसारखे समजा. जुन्या आवृत्तीच्या वहीत पाच रकाने होते. नव्या आवृत्तीने सहावा रकाना वाढवला आणि दोन रकाने एकत्र केले. अपडेटनंतर ॲप पहिल्यांदा उघडले, तेव्हाच जुनी वही नव्या मांडणीत उतरवली गेली. जुन्या आवृत्तीला ही नवी मांडणी ठाऊकच नाही. अँड्रॉइड या वहीवरही एक क्रमांक लिहून ठेवते. जुन्या ॲपला आपल्या ओळखीपेक्षा मोठा क्रमांक दिसला आणि त्यासाठी ॲप बनवणाऱ्याने काही तरतूद केलेली नसली, तर ॲप तिथेच थांबते. तांत्रिक नोंदीत अशी ओळ सापडते :

```
Can't downgrade database from version 9 to 8
```

पुढे जाण्याची पायरी प्रत्येक कंपनी लिहिते. मागे येण्याची क्वचितच कोणी लिहिते.

गूगलचा आपोआप होणारा बॅकअप कामाला येत नाही का?

अनेकांचा भरवसा यावर असतो. अँड्रॉइड ठरावीक काळाने ॲपच्या नोंदी तुमच्या गूगल खात्यात जपून ठेवू शकते आणि ॲप पुन्हा टाकल्यावर त्या परत येतात. पण यात तीन अटी आहेत. एक, ॲप बनवणाऱ्याने ही सोय चालू ठेवलेली असावी लागते. दोन, प्रत्येक ॲपला यात २५ एमबीचीच मर्यादा आहे. तिसरी अट आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची. नव्या आवृत्तीने घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीत परत ओतला जात नाही. ॲप बनवणाऱ्याने खास परवानगी दिली असेल तरच ते होते आणि मुळात ती परवानगी बंद असते. नवा फोन घेतल्यावर जो बॅकअप तारतो, तोच मागे जाताना हात वर करतो.

म्हणून विसंबायचे ते ॲपच्या आतल्या ‘एक्स्पोर्ट’ सोयीवर. आणि तिथेही एक प्रश्न विचारायलाच हवा : जे बाहेर काढता येते, ते पुन्हा आत घालता येते का?

मावशीच्या ॲपमध्ये एक्स्पोर्टची सोय सेटिंग्जमध्ये होती आणि सुदैवाने ती अपडेटनंतरही चालत होती. तिने फाइल काढून मला पाठवली. ती मी उघडून पाहिली, ओळी मोजल्या, चार-पाच ग्राहकांची बाकी तिला तोंडी विचारून ताडून पाहिली. फाइल मिळाली म्हणजे ती पूर्ण आहे, असे धरून चालत नाही. फाइल पूर्ण होती. पण ‘इम्पोर्ट’ नावाचे बटण ॲपमध्ये कुठेच नव्हते. म्हणजे मागे गेलो असतो तर उधारी वाचली असती ती तक्त्याच्या रूपात. ॲप मात्र कोरेच उघडले असते आणि १४० ग्राहकांची बाकी तिला हाताने भरावी लागली असती.

बिघाड खरोखर अपडेटचाच आहे का?

मागे जाण्याआधीचा दुसरा प्रश्न हा. ‘काल चालत होते, आज नाही’ एवढ्यावरून दोष अपडेटवर येतोच असे नाही. आधी तारीख पाहावी. प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर ‘About this app’ उघडले की शेवटी सध्याची आवृत्ती आणि ‘Updated on’ ही तारीख दिसते. आपल्या फोनमध्ये कोणती आवृत्ती आहे, हे ‘App info’च्या तळाशी लिहिलेले असते. अपडेट तीन आठवड्यांपूर्वीचे आणि त्रास आजपासून, असे असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवे.

दुसरी तपासणी शेजारच्या फोनची. कंपन्या नवी आवृत्ती सर्वांना एकाच दिवशी देत नाहीत. आधी थोड्या टक्के लोकांना देऊन पाहतात आणि मग प्रमाण वाढवतात. त्यामुळे घरातल्याच दुसऱ्या फोनमध्ये अजून जुनी आवृत्ती असण्याची बरीच शक्यता असते. त्या जुन्या आवृत्तीतही हाच त्रास असेल, तर बिघाड कंपनीच्या सर्व्हरवर आहे. मग जुनी आवृत्ती टाकून काहीही साधणार नाही. बटणांच्या जागा बदलणे, नवा टॅब दिसू लागणे असे बदल तर अनेकदा अपडेटशिवायच, सर्व्हरवरून एक कळ फिरवून केले जातात. मुखपृष्ठ नवे दिसते म्हणून ॲप मागे नेणाऱ्याला बऱ्याचदा जुन्या आवृत्तीतही तेच मुखपृष्ठ दिसते.

तिसरी शक्यता अशी की, दोष दिसतो एका ॲपमध्ये आणि असतो दुसऱ्यात. याचे सर्वांत ठळक उदाहरण २०२१ मधले आहे. २२-२३ मार्चला जगभरातल्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसह अनेक ॲप उघडताच बंद पडू लागली. लोक जीमेल काढून पुन्हा टाकत होते, फोन बंद-चालू करत होते, आणि काहीच होत नव्हते. दोष होता ‘Android System WebView’ या पडद्याआडच्या घटकात. ॲपच्या आत वेबपान दाखवायचे असते तेव्हा अनेक ॲप हाच घटक वापरतात. तो कोसळला की त्याच्यावर उभी असलेली ॲपही कोसळत होती. गूगलने नंतर सांगितले की क्रोम आणि वेबव्ह्यूमध्ये प्रयोग व मांडणी बदलणाऱ्या यंत्रणेत चूक होती. दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत लोकांनी शोधलेला तोडगा मागे जाण्याचाच होता. पण तो जीमेलवर नव्हे, तर वेबव्ह्यूवर करायचा होता : त्याचे अपडेट काढून टाकायचे. एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप बंद पडू लागली, तर दोष त्या सर्वांमध्ये एकदम आला असण्यापेक्षा खालच्या सामाईक घटकात असण्याची शक्यता जास्त, हा त्यातला धडा आजही लागू आहे.

मग मागे जाणे योग्य कधी?

फोनसोबतच आलेल्या ॲपबाबत हा मार्ग अधिकृतपणे उपलब्ध आहे. कीबोर्ड, क्रोम, वेबव्ह्यू, काही फोनवर यूट्यूब, यांच्या ‘App info’मध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर ‘Uninstall updates’ असा पर्याय मिळतो. यात बाहेरून काही आणावे लागत नाही, त्यामुळे बनावट फाइलचा धोका नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हा पर्याय आदल्या आवृत्तीवर नेत नाही, तर फोन कारखान्यातून निघाला तेव्हाच्या आवृत्तीवर नेतो. फोन चार वर्षांचा असेल, तर ती आवृत्तीही साधारण तितकीच जुनी असते. आणि हे करताना फोन ‘All data will be removed’ असे सांगतो, ते खरेच असते. वेबव्ह्यूमध्ये आपल्या स्वतःच्या नोंदी नसतात, म्हणून २०२१ मध्ये तो तोडगा निर्धोक होता. कीबोर्डच्या बाबतीत शिकवलेले शब्द जाऊ शकतात.

दुसरी सोपी परिस्थिती बीटा चाचणीची. एखाद्या ॲपची चाचणी आवृत्ती वापरायला तुम्ही कधीतरी होकार दिला असेल, तर प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर खाली तसा उल्लेख असतो. तिथून बाहेर पडून, ॲप काढून, पुन्हा टाकले की सर्वांसाठीची स्थिर आवृत्ती मिळते. सतत बिघडणारे ॲप प्रत्यक्षात बीटा असल्याचे अनेकांना माहीतच नसते.

तिसरी परिस्थिती अशी : ॲपच्या नोंदी सर्व्हरवर आहेत किंवा गमावण्यासारखे काही नाही, ॲपला पैशांशी किंवा खासगी संवादाशी देणेघेणे नाही, आणि जुनी आवृत्ती ॲप बनवणाऱ्याकडूनच मिळते. मुक्त स्रोत ॲपच्या बाबतीत हे शक्य असते. एफ-ड्रॉइड या भांडारात ॲपच्या पानावर मागच्या काही आवृत्त्याही दिलेल्या असतात. गाणी वाजवणारे किंवा पुस्तके वाचायचे ॲप असेल, तर फायली फोनमध्ये वेगळ्या असतात आणि ॲप बदलले तरी त्या जात नाहीत. इथे मागे जायला हरकत नाही.

या तिन्हींत न बसणारे ॲप असेल, तर जुनी आवृत्ती कुठल्यातरी तिसऱ्याच साइटवरून घ्यावी लागते आणि तिथे धोका वाढतो. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. ॲप फोनमध्ये असताना अपडेट म्हणून दुसऱ्याच सहीची फाइल आली, तर फोन ती नाकारतो. ही आपली सर्वांत भक्कम राखण आहे. पण मागे जाण्यासाठी आपण मूळ ॲप आधीच काढून टाकलेले असते. आता ताडून पाहायला फोनकडे जुनी सहीच उरलेली नाही. त्याच नावाची, त्याच चिन्हाची पण भलत्याच माणसाने बांधलेली फाइलही तो ‘नवे ॲप’ म्हणून स्वीकारू शकतो. घरातल्या वॉचमनला आपणच सुट्टी देऊन दार उघडे ठेवल्यासारखे हे आहे.

कोणत्या ॲपबाबत हा विचारच करू नये?

बँक, यूपीआय, गुंतवणूक आणि संदेशांची ॲप. बँकेची अनेक ॲप आपण प्ले स्टोअरवरून आलो आहोत का, हे स्वतःच तपासतात आणि तसे नसेल तर चालायला नकार देतात. ॲप पुन्हा टाकले की सिम आणि फोनची जोडणी नव्याने करावी लागते आणि काही ठिकाणी त्यानंतर काही काळ व्यवहाराची मर्यादा कमी ठेवली जाते. नेमके त्याच दिवशी मोठी रक्कम पाठवायची असेल, तर अडचण दुप्पट.

संदेशांच्या ॲपबाबत कारण वेगळे आहे. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने एक त्रुटी बुजवली. तिचा वापर करून फक्त व्हॉट्सॲप कॉल लावून, तो उचलला नाही तरी, फोनमध्ये पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर घुसवता येत होते. भारतातील पत्रकार आणि मानवाधिकार कार्यकर्तेही यात लक्ष्य झाल्याचे कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सांगितले. अँड्रॉइडसाठी दुरुस्त आवृत्ती 2.19.134 होती. त्या उन्हाळ्यात एखाद्याने ‘नवे डिझाइन आवडले नाही’ म्हणून त्याआधीची आवृत्ती टाकली असती, तर बुजवलेले भगदाड त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा उघडले असते. आणि कळलेही नसते, कारण जुनी आवृत्ती छान चालत राहते. त्रुटी दुरुस्त झाली की ती काय होती, हेही जगाला कळते. त्यामुळे जुनी आवृत्ती दुरुस्तीनंतर अधिक धोकादायक होते. शिवाय व्हॉट्सॲपच्या जुन्या आवृत्त्यांना मुदत असते. मुदत संपली की त्या चालायच्याच थांबतात आणि अपडेट करायला सांगतात.

आयफोनधारकांसाठी हा प्रश्न जवळजवळ निकालात निघालेला आहे. ॲप स्टोअर मागची आवृत्ती निवडू देत नाही. जुन्या आयओएसवर अडकलेल्या फोनला तेवढी त्याच्यासाठी चालणारी शेवटची आवृत्ती मिळते. तिथे वाट पाहणे किंवा दुसरे ॲप शोधणे, एवढेच हातात असते.

कंपनीच जुनी आवृत्ती परत का देत नाही?

चिडलेल्या वापरकर्त्यांची ही मागणी रास्त वाटते. पण प्ले स्टोअरवर कंपनीलाही उलटे जाता येत नाही. बिघडलेल्या आवृत्तीचे वाटप तिला थांबवता येते, म्हणजे ज्यांना ती मिळाली नाही ते वाचतात. ज्यांच्या फोनमध्ये ती पोहोचली, त्यांच्यासाठी जुनाच कोड नवा, मोठा क्रमांक देऊन ‘अपडेट’ म्हणून पाठवावा लागतो. आणि मधल्या काळात वहीची मांडणी बदललेली असेल, तर जुन्या कोडला ती वाचायला आधी शिकवावे लागते.

ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या अमेरिकेतील सोनोस कंपनीला हे फार महागात पडले. ७ मे २०२४ रोजी तिने संपूर्ण नवे ॲप आणले. त्यात गजर, ठरावीक वेळाने आवाज बंद होण्याची सोय अशा अनेक साध्या गोष्टी नव्हत्या, दृष्टिहीन वापरकर्त्यांची अडचण झाली, आणि कित्येकांचे हजारो रुपयांचे स्पीकर ॲपला सापडेनासे झाले. ‘जुने ॲप परत द्या’ ही मागणी इतकी वाढली की कंपनीने खरोखर तसा विचार केला. ऑगस्टमध्ये तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांनी सांगितले की ते शक्य नाही. ॲपसोबत स्पीकरमधले सॉफ्टवेअर आणि कंपनीची क्लाउड यंत्रणाही बदलली होती. चाचणी घेतली तेव्हा जुने ॲप परत आणल्यास त्रास वाढेल, असे दिसले. दुरुस्तीसाठी दोन ते तीन कोटी डॉलर खर्च येईल असा अंदाज कंपनीने दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये स्पेन्स पायउतार झाले.

या प्रकरणातून वापरकर्त्यासाठी निघणारी गोष्ट अशी की, ॲप हे एकटे नसते. ते ज्याच्याशी बोलते तो स्पीकर, घड्याळ किंवा सर्व्हर पुढे गेला असेल, तर मागे आलेल्या ॲपला बोलायला कोणी उरत नाही. स्मार्ट घड्याळ, कॅमेरा, वायफाय राउटर यांच्यासोबतच्या ॲपबाबत मागे जाण्यापूर्वी उपकरणाचे सॉफ्टवेअरही अपडेट झाले का, हे जरूर पाहावे.

मावशीच्या वहीचे पुढे काय झाले?

फाइल सुरक्षित झाल्यावर आम्ही प्ले स्टोअरवरील ताज्या प्रतिक्रिया वाचल्या. ‘नवीनतम आधी’ असा क्रम लावला की अपडेटनंतरच्या तक्रारी वर येतात. बहुतेक लोक समाधानी होते. तक्रारी मोजक्या होत्या, पण त्यातल्या काही मराठीत आणि काही नेपाळी भाषेत होत्या. हा धागा महत्त्वाचा होता. मावशीच्या फोनची भाषा मराठी आहे. अशा फोनवर ॲपने रक्कम साध्या पद्धतीने मांडली, तर ती 1250.50 अशी न येता १२५०.५० अशी देवनागरी अंकांत येते. दाखवण्यापुरते ते उत्तमच. पण तोच मजकूर ॲपने पुन्हा संख्या म्हणून वाचायचा प्रयत्न केला, तर दशांश संख्या वाचणारी आज्ञा देवनागरी अंक ओळखत नाही आणि ॲप कोसळते. बंगळूरु किंवा गुरुग्रामला इंग्रजी भाषेच्या फोनवर चाचणी घेणाऱ्याला हे कधी दिसणारच नाही.

हा अंदाज होता. तो तपासणे सोपे होते आणि त्यात काही गमवायचे नव्हते. फोनची भाषा तात्पुरती इंग्रजी केली, ॲप बंद करून उघडले, पहिल्याच ग्राहकाच्या नावावर बोट ठेवले. पान उघडले. तीन वर्षांची उधारी जागच्या जागी होती. आम्ही मागे गेलो नाही. ॲप बनवणाऱ्यांना फोनची भाषा, अँड्रॉइडची आवृत्ती आणि बिघाड कोणत्या कृतीनंतर होतो, हे तीन ओळींत कळवले. नऊ दिवसांनी आलेल्या अपडेटनंतर मावशीने भाषा पुन्हा मराठी केली.

भाषेची युक्ती चालली नसती तर? तरीही मी ॲप काढू दिले नसते. एक्स्पोर्ट केलेल्या तक्त्यावर दोन आठवडे व्यवहार लिहून दुरुस्तीची वाट पाहिली असती. त्याही पुढे दुरुस्ती आलीच नसती, तर जुन्या आवृत्तीऐवजी आयात आणि निर्यात दोन्ही करता येणाऱ्या दुसऱ्या ॲपकडे गेलो असतो.

आता काय करावे?

बिघाड दिसताच पहिल्या काही मिनिटांत जे केले जाते, त्यावर बरेच ठरते. ‘App info’मध्ये ‘Clear cache’ आणि ‘Clear storage’ अशी दोन बटणे शेजारी असतात. काही फोनवर दुसऱ्याचे नाव ‘Clear data’ असते. पहिले दाबून पाहायला हरकत नाही. त्यात फक्त तात्पुरत्या फायली जातात आणि कधीकधी तेवढ्याने ॲप चालू होते. दुसरे म्हणजे ॲप न काढता वही पुसणे. ‘कॅश क्लिअर कर’ हा सल्ला ऐकून दुसरेच बटण दाबणारे अनेक जण आहेत.

ज्या एक-दोन ॲपवर आपले काम अडते, त्यांचे आपोआप अपडेट बंद ठेवता येते. प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर तीन ठिपके दाबून ‘Enable auto update’वरची खूण काढावी. मग आठवड्याभराने प्रतिक्रिया पाहून, एक्स्पोर्ट घेऊन, आपण होऊन अपडेट करावे. हा उपाय सर्व ॲपना लावू नये. सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच वाटेने येतात. बँक, संदेश आणि ब्राउझर यांचे अपडेट चालूच असलेले बरे.

आणि कंपन्यांकडे मागायचे असेल, तर ‘जुने ॲप परत द्या’ यापेक्षा नेमकी मागणी करायला हवी. वहीची मांडणी बदलणाऱ्या अपडेटपूर्वी ॲपने आपण होऊन नोंदींची प्रत काढून वापरकर्त्याच्या हाती द्यावी, आणि ती प्रत परत आत घेण्याचे बटणही द्यावे. हे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. बाहेर काढता येते पण आत घालता येत नाही, अशा वहीत लिहिणाऱ्याचा हिशेब त्याचा स्वतःचा राहत नाही. मावशीने त्या ॲपचे आपोआप अपडेट बंद केले आहे. दर रविवारी, दुकानाचा गल्ला मोजून झाला की, ती फाइल काढून मला पाठवते. परवाच्या फाइलमध्ये १५२ ग्राहक होते.